फ्रेमसाठी कुलूप काढावं का?

फेब्रुवारी 2020 मध्ये सोफोस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी 'रॉबिनहूड' नावाच्या खंडणीखोर व्हायरसची एक चाल उघड केली. हा व्हायरस संगणकात शिरला की आधी एक ड्रायव्हर बसवायचा. ड्रायव्हर म्हणजे यंत्राच्या सुट्या भागांशी बोलणारा प्रोग्रॅम; त्यासाठी त्याला विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, प्रवेश असतो. रॉबिनहूडने आणलेला ड्रायव्हर बनावट नव्हता. गेमिंग मदरबोर्डसाठी प्रसिद्ध असलेल्या गिगाबाइट कंपनीचा तो खराखुरा gdrv.sys होता. त्यातला दोष 2018 मध्येच जाहीर झाला होता आणि कंपनीने तो वापरातून काढलाही होता. पण त्यावरची डिजिटल सही रद्द झालेली नव्हती. सही पाहून विंडोजने त्याला आत घेतलं.

आत गेल्यावर काम सोपं होतं. दोषाचा फायदा घेऊन कर्नलच्या मेमरीतली एक नोंद बदलायची. 'सही नसलेला ड्रायव्हर चालू द्यायचा नाही' हा नियम त्या नोंदीवर अवलंबून होता. नियम सुटला की व्हायरस स्वतःचा बिनसहीचा ड्रायव्हर आणायचा, तो अँटिव्हायरस बंद पाडायचा आणि मग निवांतपणे फायलींना कुलूप घालायचा.

खेळांच्या फ्रेम रेटबद्दल लिहिताना ही गोष्ट आधी सांगतो आहे, कारण 'गेम हळू चालतो? हे बटण बंद करा' असं ज्या बटणाबद्दल सांगितलं जातं, ते नेमकं या चालीसाठी बसवलेलं आहे. त्या बटणाचं नाव Memory integrity. ते Windows Security मध्ये Device security खाली, Core isolation या पानावर सापडतं.

पहारेकऱ्याच्या वरचा पहारेकरी

नेहमीच्या विंडोजमध्ये कर्नल हा सर्वांत वरचा अधिकारी. नियम तोच ठेवतो आणि अंमलबजावणीही तोच करतो. त्यामुळे कर्नलमध्ये शिरलेल्याच्या हाती नियमांची वहीसुद्धा लागते. रॉबिनहूडने त्या वहीतच खाडाखोड केली.

व्हर्च्युअलायझेशनवर आधारलेल्या सुरक्षेत रचना बदलते. एकाच संगणकावर अनेक आभासी संगणक चालवणारा हायपरवायझर आधी सुरू होतो आणि संपूर्ण विंडोज त्याच्या देखरेखीखाली चालतं. शेजारी एक छोटा, वेगळा सुरक्षित कर्नल असतो. त्याच्या मेमरीपर्यंत मुख्य कर्नलचाही हात पोचत नाही. मेमरी इंटिग्रिटी चालू असेल, तर 'हा कोड कर्नलमध्ये चालू द्यायचा का' हा निर्णय त्या वेगळ्या कर्नलकडे जातो. मेमरीच्या कोणत्याही पानावर एक तर लिहिता येतं किंवा त्यावरचा कोड चालवता येतो. दोन्ही एकाच वेळी नाही. आणि कोड चालवण्याची परवानगी सही तपासल्यावरच मिळते. आता जुन्या वहीत खाडाखोड झाली, तरी बिनसहीचा ड्रायव्हर चालत नाही, कारण निर्णय त्या वहीवर उरलेलाच नाही.

फ्रेम जातात कुठे

या देखरेखीची किंमत प्रोसेसर मोजतो. प्रोग्रॅमला मेमरीतली एखादी वस्तू हवी असली की तिचा पत्ता शोधावा लागतो. साध्या विंडोजमध्ये हा शोध बहुधा चार पायऱ्यांचा असतो. हायपरवायझर आला की विंडोजला मिळालेला पत्ताही खरा नसतो. प्रत्येक पायरीवर तो पुन्हा उलगडावा लागतो, आणि सगळं मोजलं तर चारऐवजी चोवीसपर्यंत वाचनं होऊ शकतात. नुकतेच लागलेले पत्ते प्रोसेसर लक्षात ठेवतो, म्हणून दर वेळी हा फेरा पडत नाही. पण मोठ्या मोकळ्या जगाचा खेळ मेमरीत सर्वदूर हात घालतो, आणि तिथे तो जास्त वेळा पडतो.

याहून मोठा फरक प्रोसेसरच्या वयामुळे पडतो. मेमरी इंटिग्रिटीला एका पानाबद्दल दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागतात: साधा प्रोग्रॅम हा कोड चालवू शकतो का, आणि कर्नल चालवू शकतो का. इंटेलच्या सातव्या पिढीपासून आणि एएमडीच्या झेन 2 रचनेपासून ही सोय प्रोसेसरमध्येच आहे. त्याआधीच्या प्रोसेसरवर, उदाहरणार्थ रायझन 5 1600 किंवा 2600 वर, विंडोजला हेच काम सॉफ्टवेअरने निभवावं लागतं आणि त्याचा भार बराच जास्त पडतो. म्हणून एकाला काहीच फरक जाणवत नाही आणि दुसऱ्याचा खेळ अडखळतो, आणि दोघंही खरंच सांगत असतात.

विंडोज 11 ऑक्टोबर 2021 मध्ये आलं, तेव्हा काही चाचण्यांत एखाद्या खेळाची घट 25 टक्क्यांच्या आसपास दिसली आणि तोच आकडा लोकांच्या लक्षात राहिला. 2023 मध्ये टॉम्स हार्डवेअरने आरटीएक्स 4090 या ताकदवान कार्डावर अनेक खेळ तपासले. 1080p वर सरासरी घट सुमारे 5 टक्के निघाली, तर सर्वांत वाईट उदाहरणात 10 टक्क्यांच्या आसपास. इतकं वेगवान कार्ड 1080p वर वापरलं की सगळा ताण प्रोसेसरवर येतो, हे तो आकडा वाचताना ध्यानात ठेवायला हवं.

हा मुद्दा एका फ्रेमच्या हिशेबाने स्पष्ट होतो. समजा, स्पर्धात्मक खेळात तुम्हाला 144 फ्रेम मिळतात. म्हणजे एका फ्रेमला सुमारे 6.9 मिलिसेकंद. प्रोसेसरच अडत असेल आणि त्याचं काम 5 टक्क्यांनी वाढलं, तर फ्रेमला 7.3 मिलिसेकंद लागतील आणि फ्रेम 137 वर येतील. आता दुसरा खेळ घ्या. चित्र भरजरी आहे, ग्राफिक्स कार्डाला एका फ्रेमला 12.5 मिलिसेकंद लागतात आणि फ्रेम 80 आहेत. प्रोसेसरचं काम मात्र 7 मिलिसेकंदांत आटोपतं. ते 7.35 झालं, तरी कार्डाची वाट त्याला पाहावीच लागते. फ्रेम 80 च राहतात. अशा खेळासाठी बटण बंद केलं, तर संरक्षण जातं आणि हाती काहीच येत नाही.

बंद करण्याआधी मोजा

आधी ते चालू आहे का, हे पाहा. विंडोज 10 वरून 11 वर आलेल्या अनेक संगणकांवर ते बंदच असतं. Start मध्ये हे टाइप करा:

```
msinfo32
```

उघडलेल्या पानावर Virtualization-based security या ओळीपुढे Running दिसलं, तर आभासी रचना चालू आहे. खाली Services Running च्या ओळीत Hypervisor enforced Code Integrity असेल, तर मेमरी इंटिग्रिटीही चालू आहे.

मग तुम्ही खरोखर खेळता तो खेळ घ्या, शक्यतो ज्यात स्वतःची ठरावीक चाचणी आहे असा. त्याच सेटिंगवर ती तीनदा चालवा. बटण बंद करा, संगणक रीस्टार्ट करा, पार्श्वभूमीतली कामं संपेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा तीनदा चालवा. नुसती सरासरी पाहू नका. सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडा पाहा, कारण खेळताना जाणवणारा झटका तिथे असतो. पहिल्या तीन फेऱ्यांतच आपापसांत तीन टक्क्यांचा फरक असेल, तर बटणामुळे दिसलेल्या दोन टक्क्यांना काही अर्थ नाही.

एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. Memory integrity बंद केल्यावरही हायपरवायझर चालू राहू शकतो, कारण डब्ल्यूएसएल 2 किंवा काही अँड्रॉइड एम्युलेटर त्याच्याच आधाराने चालतात. त्यामुळे 'बंद करूनही फरक पडला नाही' याचं कारण कधी कधी इथे असतं. आभासी यंत्रांची ही सोय Turn Windows features on or off मध्ये Virtual Machine Platform या नावाने दिसते. ती काढली, तर तिच्यावर चालणारी साधनंही बंद पडतील.

धोका कुणाला जास्त

2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच खेळाडूंसाठी सांगितलं की वेग हवा असेल तर या दोन्ही सोयी बंद करता येतील, पण खेळून झाल्यावर त्या पुन्हा चालू कराव्यात. कागदावर हे ठीक आहे. प्रत्यक्षात दर वेळी दोनदा रीस्टार्ट करावं लागतं, आणि रोज रात्री हे करणारा खेळाडू मी पाहिलेला नाही. एकदा बंद केलेलं बटण बंदच राहतं, असं धरूनच निर्णय घ्यायला हवा.

आणि खेळाडूचा संगणक हा सामान्य संगणकाहून जास्त उघडा असतो. पंख्याचा वेग, दिव्यांचे रंग, ओव्हरक्लॉकिंग अशा प्रत्येक कामाचं साधन आपला ड्रायव्हर कर्नलमध्ये बसवतं. एमएसआय आफ्टरबर्नरचा RTCore64.sys आणि गेन्शिन इम्पॅक्ट या खेळाचा mhyprot2.sys हे दोन्ही ड्रायव्हर 2022 मध्ये खंडणीखोरांनी हत्यार म्हणून वापरलेले आढळले. असा हल्ला करायला हल्लेखोराला प्रशासकाचे अधिकार लागतात, आणि क्रॅक केलेला खेळ किंवा चीट बसवताना आपण स्वतःच Yes दाबून ते देऊन टाकतो.

या कुलपाची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. ब्राउझरमधले पासवर्ड चोरणाऱ्या साध्या व्हायरसला मेमरी इंटिग्रिटी अडवत नाही. दोष असलेला सहीचा ड्रायव्हर आधीच आत असेल, तर त्याच्यामार्फत कर्नलमधली माहिती बदलण्याचे काही मार्गही उरतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट दोषी ड्रायव्हरांची एक यादी ठेवतं आणि त्यातले ड्रायव्हर चालूच देत नाही. मेमरी इंटिग्रिटी चालू असताना ही यादी सक्तीची असते. ती बंद केली, तरी त्याच पानावरचं Microsoft Vulnerable Driver Blocklist हे बटण वेगळं चालू ठेवता येतं.

मग करायचं काय? प्रोसेसर गेल्या पाच-सहा वर्षांतला असेल आणि त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार, ऑफिसचं काम किंवा मुलांचा अभ्यास होत असेल, तर बटण चालूच ठेवा. 144 चे 137 झालेले डोळ्यांना कळणं कठीण; तेवढ्या फ्रेम सावल्यांची सेटिंग एक पायरी खाली आणूनही बहुधा परत मिळतात. जुना ड्रायव्हर जुळत नाही म्हणून बटण चालूच होत नसेल, तर विंडोज त्या फाइलचं नाव दाखवतं. तो ड्रायव्हर अद्ययावत करा किंवा काढून टाका. वॅलोरंट आणि फेसइट यांच्या चीट पकडणाऱ्या यंत्रणा तर आता काही खेळाडूंना ही सुरक्षा चालू असल्याशिवाय खेळू देत नाहीत.

बंद करणं पटण्यासारखं आहे ते एका ठिकाणी: संगणक फक्त खेळाचा आहे, प्रोसेसर झेन 2 किंवा सातव्या पिढीच्या आधीचा आहे, खेळ अधिकृत आहेत आणि तुमच्या स्वतःच्या मोजणीत फरक ठळक दिसला आहे. तेव्हा Memory integrity बंद करा, दोषी ड्रायव्हरांची यादी चालू ठेवा आणि त्या संगणकावर बँकेचं पान उघडू नका. पुढे कधी प्रोसेसर बदललात, की पहिल्याच दिवशी त्या पानावर जाऊन बटण पुन्हा चालू करा, कारण ते बंद ठेवण्याचं कारण जुन्या प्रोसेसरबरोबरच गेलेलं असेल.