साठीची शांत कोणत्या दिवशी?

हिर्डोशीतील एखाद्या गृहस्थांचा जन्म ३ जून १९६६ रोजी सायंकाळचा, असे समजू. मास ज्येष्ठ, नक्षत्र ज्येष्ठा, संवत्सर पराभव. त्याच दिवशी पहाटे जन्मले असते, तर नक्षत्र अनुराधा ठरते. म्हणून जन्मवेळ आधी विचारावी.

साठ संवत्सरांचे चक्र पुरे होऊन पराभव संवत्सर शके १९४८ मध्ये, म्हणजे २०२६ साली येते. त्या वर्षी १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्याने इंग्रजी वाढदिवस मलमासात पडतो. १ जूनला ज्येष्ठा नक्षत्र आहे खरे, आणि उतावीळ यजमान तोच दिवस धरू पाहतात. परंतु शांतिकर्म निजमासातच करावे. निज ज्येष्ठात ते नक्षत्र २८ जूनला येते. सोयरे-धायरे जमण्यास वारही रविवारचा!