पगार थांबला, आता किती महिने?

नोकरी गेल्याचं पत्र हाती पडलं की माणूस आधी बँकेतली शिल्लक बघतो. पण पाच लाख हे पुष्कळ की तुटपुंजे, हे नुसत्या आकड्यावरून समजत नाही. घरखर्चाने भागल्यावर तग धरण्याचे महिने निघतात, तेव्हा ते समजतं.

पुण्यातलं, एकाच्या पगारावर चालणारं एक घर उदाहरणादाखल घेऊ. बचत खातं आणि मुदत ठेव मिळून ५,०४,००० रुपये आहेत. कंपनीचा गट आरोग्यविमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो, म्हणून कुटुंबाच्या नव्या पॉलिसीसाठी २४,००० आधीच बाजूला काढायचे. उरले ४,८०,०००. कंपनीकडून यायचा अखेरचा हिशेब खात्यात पडेपर्यंत यात धरायचा नाही.

महिन्याचा खर्च १ लाख. गृहकर्जाचा हप्ता, किराणा, शाळा यांच्यासोबत वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांचा बारावा भागही यात हवा. मालमत्ता कर किंवा गाडीचा विमा विसरला, तर हिशेब फसवा निघतो. म्हणजे हातात पाच महिनेही नाहीत.

आता कात्री, पण क्रमाने. हॉटेल, ऑनलाइन खरेदी, कॅब, ओटीटी यांतून २०,००० वाचले की खर्च ८०,००० वर येतो आणि मुदत सहा महिन्यांची होते. त्यानंतर १६,००० रुपयांची एसआयपी थांबवायची. खर्च ६४,००० झाला, मुदत साडेसात महिने. घरातल्या दुसऱ्या कुणी शिकवण्या घेऊन १६,००० आणले, तर तेवढ्याच पैशात दहा महिने निघतात.

एसआयपी थांबवणं म्हणजे साठलेली युनिट्स विकणं नव्हे. ती तशीच राहतात. मात्र थांबवण्याची सूचना हप्त्याच्या तारखेच्या बरंच आधी द्यावी. नाहीतर खात्यात पैसे नसताना हप्ता परत जातो आणि बँक दंड आकारते.

आरोग्यविमा आणि मुदत विम्याला हात लावायचा नाही. पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० रुपये भरले की खातं चालू राहतं. भविष्य निर्वाह निधी काढण्याचा मोह मोठा असतो, पण नोकरी सुटली तरी त्यावर व्याज जमा होत राहतं. सलग पाच वर्षांच्या सेवेआधी तो काढला, तर रकमेवर सहसा करही लागतो.

दर महिन्याच्या एक तारखेला हा भागाकार पुन्हा करायचा. उत्तर तीन महिन्यांच्या खाली गेलं, तर हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढवून मागावी. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्ज बुडीत वर्गात जातं आणि बोलणी अवघड होतात. क्रेडिट कार्डावर किराणा भरून ‘किमान रक्कम’ चुकवत राहणं सर्वांत महाग, कारण त्यावरचं व्याज अनेकदा महिन्याला तीन टक्क्यांच्या वर असतं. त्याआधी म्युच्युअल फंड तारण ठेवून कर्ज घेणं किंवा डेट फंडातली थोडी युनिट्स विकणं स्वस्त पडतं. शेअर बाजार पडलेला असेल, तर इक्विटी फंड अगदी शेवटी विकावा.