सहाशेचं ताट आठशे छत्तीसला कसं पडतं

मंगल कार्यालयाचा माणूस ‘सहाशे रुपये ताट’ म्हणतो आणि घरी आल्यावर आपण सहाशेला पाहुण्यांच्या संख्येने गुणतो. शेवटी हातात येणारं बिल मात्र या हिशोबाने बनत नाही.

समजा, साडेतीनशे ताटांची हमी दिली, म्हणजेच मिनिमम गॅरंटी. चाट आणि डोशाच्या लाइव्ह काउंटरचे ताटामागे साठ रुपये वेगळे. प्रत्यक्षात जेवले दोनशे नव्वद. बिल मात्र साडेतीनशेंचंच होतं. सहाशे साठ गुणिले साडेतीनशे म्हणजे २,३१,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी, एकूण २,४२,५५०. दोनशे नव्वदांत वाटले तर ताट आठशे छत्तीस रुपयांना पडलं. काउंटरवर कुणी डोसा घेतला नाही तरी त्याचे साठ रुपये साडेतीनशे ताटांवर लागलेच, आणि त्या साठांवरही कर. म्हणून काउंटरचा दर ताटामागे आहे की काउंटरमागे एकरकमी, हे आधीच विचारून घ्यावं. मोठ्या लग्नात एकरकमी बहुधा स्वस्त पडतं.

कराचा दर जागेवर ठरतो. साध्या कार्यालयात जेवण आणि हॉल एकत्र दिले तर ५ टक्के. ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं साडेसात हजारांच्या वर जातं, तिथे १८ टक्के. वरचाच हिशोब तिथे २,७२,५८० होतो. दरपत्रकावर ‘कर वेगळा’ एवढंच लिहिलं असेल तर टक्केवारी लिहून मागावी.

खरा पैसा मात्र हमीच्या आकड्यात अडकतो. केटररची बाजूही खरी आहे. भाजी, दूध, वाढपी यांची सोय त्याला आदल्या दिवशीच करावी लागते, पाहुणे आले नाहीत म्हणून ती परत देता येत नाही. पण यजमान धास्तीने आकडा फुगवतात. याच लग्नात हमी पावणेतीनशेंची असती आणि वरची पंधरा ताटं त्याच दराने मिळाली असती, तर बिल २,००,९७० झालं असतं. साडेएकेचाळीस हजार वाचले असते. त्यासाठी दोन गोष्टी करारात हव्यात: हमीच्या वर किती ताटांची तयारी ठेवणार, आणि त्यांचा दर काय. काही ठिकाणी हा वरचा दर जास्त असतो. अंतिम आकडा किती दिवस आधी बदलता येईल, तेही लिहून घ्यावं.

आकडा हमीच्या वर जाणार असेल तर ताटं कशी मोजणार यालाही महत्त्व येतं. बुफेत काढलेल्या थाळ्या मोजतात. एखाद्याने गोडासाठी दुसरी थाळी घेतली की तीही मोजणीत जाते. तेव्हा जेवण सुरू होण्याआधी घरातल्या एका खंबीर माणसाने केटररच्या मुकादमासोबत उभं राहून थाळ्यांच्या चळती मोजाव्यात, आकडा कागदावर लिहून दोघांनी सही करावी. मधेच धुऊन परत ठेवलेल्या थाळ्यांची नोंदही त्याच कागदावर व्हावी. फोटोग्राफर, बँडवाले, ड्रायव्हर यांची ताटं धरायची की नाही, हेही तेव्हाच ठरवून घ्यावं.