कराओकेच्या पडद्यावरचा सूर

स्म्यूल किंवा स्टारमेकरसारख्या कराओके अ‍ॅपवर शब्द पुढे सरकत असतात आणि गाणाऱ्याच्या आवाजावर आपोआप थोडी गुंज चढते. ती कानाला गोड लागते, पण सुरातली चूक तिच्यात झाकली जाते. म्हणून सूर सुधारायचा असेल तर ही गुंज बंद करावी आणि गुणांऐवजी आवाजाची रेघ पाहावी. रियाज करवून घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये ही रेघ ठळक दिसते. अ‍ॅप आवाजातली कंपने मोजते आणि तो सूर अपेक्षित पट्टीच्या वर आहे की खाली, हे दाखवते.

रेघ खरी आहे ना, हे आधी तपासावे. ट्रॅक सुरू करून गप्प बसावे. तरीही रेघ हलत असेल, तर स्पीकरमधले संगीत माइकमध्ये शिरते आहे. इअरफोन लावावा, तोही वायरचा. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे नेमका गाणाराही प्रत्येक स्वरावर मागे पडलेला दिसतो.

समजा, ट्रॅक काळी एकचा आहे आणि अंतरा तार मध्यमापर्यंत जातो. हौशी गायकाची रेघ मुखड्यात नीट बसते, पण तार मध्यमावर दर वेळी खालीच राहते आणि गळा आवळला जातो. इथे कान बहुतेक ठीक असतो, पट्टी चढी असते. ट्रॅक दोन स्वरांनी, म्हणजे -2 वर, उतरवला की तो पांढरी सातचा होतो. तरीही रेघ खालीच राहिली, तर चूक सुराची समजावी.

दुसरी खूण ओळीच्या शेवटी दिसते. लांब स्वर बरोबर लागतो आणि दम संपत आला की हळूहळू खाली घसरतो. श्वास आधीच्या शब्दापाशी घेऊन तेवढीच ओळ पुन्हा म्हणावी. आधी शब्द सोडून नुसत्या आकारात म्हणावी. ‘स’, ‘त’, ‘क’ यांसारख्या व्यंजनांत मोजण्याजोगा सूर नसतो, म्हणून शब्दांसह गाताना रेघ तुटते; आकारात ती सलग राहते आणि घसरण नेमकी कुठे सुरू झाली ते दिसते. मग शब्द घालावेत. शेवटी पडद्याकडे न बघता गाऊन रेकॉर्डिंग ऐकावे, कारण रेघ बघून सूर सावरायची सवय लागली की कान आळसावतो.

रेघेलाही मर्यादा आहे. बहुतेक अ‍ॅपची पट्टी पियानोच्या स्वरांवर बेतलेली असते. तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा किंचित उतरा असतो. दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर जवळपास चौदा भागांनी. तंबोऱ्यावर मिळालेला असा गंधार पडद्यावर थोडा खाली दिसला, तर तो वर ओढू नये. मींडेत दोन स्वरांमधून जाणारा आवाजही पट्टीबाहेर दिसतो. अशा जागी मूळ गायकाची तीच ओळ ऐकून निर्णय कानाने करावा.