वीस दिवसांची वाटणी

युरोपातल्या विद्यापीठांत संशोधकाचा पगार पुष्कळदा एकाच अनुदानातून निघत नाही. अर्धा एका प्रकल्पातून, थोडा दुसऱ्यातून, उरलेला शिकवण्याबद्दल विद्यापीठाकडून. मग कोणी किती द्यायचे? युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ कार्यक्रमात याचे उत्तर दर महिन्याच्या टाइमशीटवर ठरते. त्यावर संशोधक सही करतो आणि त्याचा वरिष्ठही.

समजा, एका संशोधिकेवर विद्यापीठाचा वर्षाचा खर्च ६४,५०० युरो आहे. नियमानुसार त्याला २१५ने भागायचे, म्हणजे एका दिवसाचा दर ३०० युरो. तिच्या नियोजनात पहिल्या प्रकल्पाला ५० टक्के, दुसऱ्याला ३० आणि अध्यापनाला २० टक्के वेळ आहे. मार्चमध्ये मात्र दुसऱ्या प्रकल्पाचे प्रयोग लांबले. रजा वगळून भरलेल्या २० दिवसांपैकी ७ दिवस पहिल्याला मिळाले, ९ दुसऱ्याला आणि ४ शिकवण्याला. टक्केवारी झाली ३५, ४५ आणि २०. पहिल्या प्रकल्पावर २,१०० युरो पडतील, दुसऱ्यावर २,७००. तिने नियोजनातलेच आकडे उतरवले असते, तर न केलेल्या तीन दिवसांच्या कामाचे ९०० युरो पहिल्या प्रकल्पाच्या माथी बसले असते.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. नियोजनातली टक्केवारी हा आधी बांधलेला अंदाज असतो; टाइमशीटवर यायला हवे ते प्रत्यक्ष झालेले काम.

रजेचे गणित आणखी फसवे. वर्षाला २१५च दिवस धरले जातात, कारण शनिवार-रविवार, सण आणि हक्काची रजा त्यातून आधीच वजा झालेली असते. रजेतला पगार त्या ३०० युरोंतच मुरलेला आहे. त्यामुळे रजेचा दिवस प्रकल्पाच्या नावे लिहिला, तर तोच पैसा दोनदा मागितल्यासारखे होते. सगळ्या युरोपीय अनुदानांत मिळून वर्षाला २१५पेक्षा जास्त दिवस दाखवता येत नाहीत, ते वेगळेच.

लेखापरीक्षक हा कागद एकटा वाचत नाहीत. शेजारी रजेची नोंद आणि प्रवासाची बिले ठेवतात. दुसऱ्या प्रकल्पाच्या बैठकीसाठी माणूस परगावी होता आणि त्याच दिवशी पहिल्याच्या प्रयोगशाळेत आठ तास भरले, हे लगेच दिसते. तीन आठवडे रजा झालेल्या ऑगस्टमध्येही नेहमीइतकेच दिवस भरलेले दिसले, किंवा वर्षभराच्या सह्या एकाच तारखेच्या असल्या, तरी संशय येतो. असा कागद बहुधा आठवून आठवून एका बैठकीत भरलेला असतो.

अमेरिकेत पद्धत वेगळी असली, तरी दुखणे तेच. २००८ साली येल विद्यापीठाने तिथल्या सरकारशी ७६ लाख डॉलरची तडजोड केली. त्यातला एक आरोप असा होता, की काही संशोधकांनी उन्हाळ्यात इतर कामेही केली, पण पूर्ण शंभर टक्के वेळ अनुदानांवर दाखवून पगार उचलला.