रिकाम्या जागांची आवराआवर

गावातल्या वाचनालयाची शताब्दी आहे आणि समितीने ६४ पानांची स्मरणिका काढायचे ठरवले आहे, अशी कल्पना करू. लेख, कविता, आजवरच्या पदाधिकाऱ्यांची यादी आणि जमाखर्च असा सगळा मजकूर तिघाचौघांनी आपापल्या सवडीने टाइप केला. मग तो एकाच वर्ड फाइलमध्ये जोडून डीटीपी करणाऱ्याकडे पाठवला. पडद्यावर फाइल नीटनेटकी दिसते. पण Ctrl+Shift+8 दाबले की तिचे खरे रूप समोर येते. प्रत्येक स्पेसच्या जागी ठिपका, टॅबच्या जागी बाण आणि एंटरच्या जागी ¶ अशी खूण उमटते. एका लेखात परिच्छेदाची सुरुवात टॅबने होते, दुसऱ्यात आठ स्पेसनी. शीर्षक नव्या पानावर यावे म्हणून कोणी एंटर ओळीने दाबत गेला आहे, तर कोणी पूर्णविरामानंतर न चुकता दोन स्पेस दिल्या आहेत.

हे वळण टाइपरायटरचे आहे. तिथे प्रत्येक ठोक्याला कागद सारखाच सरके, त्यामुळे दहा स्पेस म्हणजे ठरावीक अंतर असे. संगणकावरच्या बहुतेक फाँटमध्ये ‘र’ अरुंद आणि ‘क्ष’ रुंद असतो. त्यामुळे दोन ओळींत मोजून दहा स्पेस दिल्या तरी पुढचे आकडे एकाखाली एक येत नाहीत. फाइल ए-फोरची डेमी आकारात आणली किंवा फाँट बदलला, की बारा एंटर मारून पानाच्या डोक्यावर बसवलेले शीर्षक पानाच्या मध्यावर येते. ओळी दोन्ही कडांना जुळवल्या, तर दुहेरी स्पेसच्या जागी मजकुरात भोके दिसू लागतात.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे सगळे जादा टॅब आणि एंटर एका फटक्यात उडवणे. तसे केले की फाइल स्वच्छ होते आणि निकामीही होते. या रिकाम्या जागांपैकी काहींना अर्थ असतो. कथेत मध्येच सोडलेली ओळ म्हणजे प्रसंग बदलल्याची खूण. कवितेत तीच कडव्याची सीमा. जमाखर्चातले टॅब म्हणजे रकाने. म्हणून आधी हा अर्थ दुसरीकडे नोंदवायचा आणि मगच झाडू फिरवायचा.

मूळ फाइल बाजूला ठेवून तिच्या प्रतीवर काम सुरू करावे. Track Changes बंद आहे ना, हे पाहावे. ते चालू राहिले तर पुसलेल्या स्पेस ‘पुसल्या’ अशा नोंदीनिशी फाइलमध्येच राहतात आणि शोधात पुन्हा पुन्हा सापडत राहतात. कविता, याद्या आणि जमाखर्च कापून वेगळ्या फाइलींत ठेवावेत. त्यांची सफाई हातानेच करावी लागते. जमाखर्चाचे तर सरळ टेबल करून टाकलेले बरे. उरलेल्या गद्यात प्रत्येक शीर्षकाच्या आधी ## टाइप करायचे आणि प्रसंग बदलल्यावर येणाऱ्या पहिल्या परिच्छेदाच्या आधी @@. मजकुरात एरवी न येणारे कोणतेही चिन्ह चालते.

आता Ctrl+H ने Find and Replace उघडायचे. त्यात ^p म्हणजे परिच्छेदाचा शेवट आणि ^t म्हणजे टॅब. खालच्या ओळींत ␣ दिसेल तिथे स्पेसबार दाबायचा. डावीकडचे शोधायचे, उजवीकडचे त्याच्या जागी ठेवायचे:

```
␣␣    →  ␣
␣^p   →  ^p
^p␣   →  ^p
^p^t  →  ^p
^p^p  →  ^p
```

प्रत्येक ओळीसाठी Replace All पुन्हा पुन्हा दाबावे लागते, कारण वर्ड एका फेरीत एकेक जोडी उचलतो. पाच स्पेसच्या आधी तीन होतात, मग दोन, मग एक. काहींनी टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ केलेली असते, म्हणून तिसरी आणि चौथी ओळ आलटूनपालटून चालवावी. शोध शून्यावर आला की ते काम संपले. शेवटच्या ओळीत मात्र कधी कधी आकडा एकावरच अडून बसतो. फाइलच्या अखेरीस एखादा रिकामा परिच्छेद उरलेला असतो आणि वर्ड तो असा पुसू देत नाही. तो हाताने काढायचा. फाइलच्या अगदी पहिल्या परिच्छेदाचा टॅबही या शोधातून सुटतो, कारण त्याच्या आधी ^p नसतोच.

यानंतर काढून टाकलेली जागा स्टाइलच्या हवाली करायची. या स्मरणिकेला तीन स्टाइल पुरतात. ‘मजकूर’मध्ये पहिली ओळ अर्धा सेंटिमीटर आत. ‘खंडारंभ’मध्ये पहिली ओळ कडेला आणि वर १२ पॉइंट मोकळी जागा. शीर्षकासाठी वर्डची तयार Heading 1 घ्यायची आणि तिच्या परिच्छेदाच्या मांडणीत Page break before वर खूण करायची. बारा एंटरचे काम ती एक खूण करते. मग सगळा मजकूर निवडून त्याला ‘मजकूर’ द्यायचा.

इथे एक खोच आहे. परिच्छेदातले एखाददुसरे शब्द तिरपे असतील, तर स्टाइल देताना वर्ड ते तसेच ठेवतो. अर्ध्याहून अधिक परिच्छेद तिरपा असेल, तर मात्र तो तिरपेपणा पुसला जातो. लेखात जुने पत्र अख्खे तिरप्या अक्षरांत उद्धृत केले असेल तर ते साधे होऊन बसते. अशा परिच्छेदांनाही आधीच खूण करून ठेवावी आणि त्यांची वेगळी स्टाइल करावी.

खुणा आता कामाला येतात. Find मध्ये ##, Replace ची चौकट रिकामी आणि Format मधून Heading 1 निवडली, की ## असलेला अख्खा परिच्छेद शीर्षक होतो. चौकट रिकामी असली तरी ## पुसले जात नाही, कारण सोबत स्टाइल निवडलेली असताना वर्ड फक्त रूप बदलतो. No Formatting दाबून दुसरी फेरी मारली की खूण जाते. @@ चेही तसेच.

मराठी फाइलीत आणखी एक पथ्य पाळावे लागते. इंटरनेटवरून उचललेल्या मजकुरासोबत काही न दिसणारी चिन्हे येतात आणि ती सरसकट काढण्याचा मोह होतो. पण काही कळफलकांवर ‘दऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र अशाच एका शून्य रुंदीच्या जोडचिन्हाने उमटतो. ते काढले तर डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’, म्हणजे समुद्र होतो, आणि शुद्धलेखन तपासणीला त्यात काही वावगे दिसत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

काम पुरे झाले का, हे पाहायला एक सोपी चाचणी आहे. ‘मजकूर’ स्टाइलमधले अर्ध्या सेंटिमीटरचे अंतर तात्पुरते दोन सेंटिमीटर करावे. सगळे परिच्छेद एकदम आत सरकायला हवेत. जे जागचे हलणार नाहीत, त्यांना कोणीतरी पट्टीवरून हाताने अंतर दिलेले आहे. त्यांच्यावर कर्सर ठेवून Ctrl+Q दाबले की ती वरवरची मांडणी जाऊन स्टाइल लागू होते. शीर्षके Navigation Pane मध्ये ओळीने दिसली, तर अनुक्रमणिकाही त्याच शीर्षकांवरून आपोआप तयार होते. मग वेगळे काढलेले जमाखर्च, याद्या आणि कविता आपापल्या जागी परत आणायच्या आणि अंतर पुन्हा अर्ध्या सेंटिमीटरवर ठेवून फाइल छपाईच्या मांडणीसाठी पाठवायची.