ब्रेकआउट खरा की फसवा? व्हॉल्यूम पाहा

समजा, एक शेअर तीन महिने ५०० रुपयांच्या रेझिस्टन्सला धडकून मागे फिरतोय. त्याचा २० दिवसांचा सरासरी व्हॉल्यूम १० लाख शेअर आहे. एके दिवशी भाव ५०८ वर बंद होतो.

त्या दिवशी २० लाख शेअरची उलाढाल झाली असेल, तर ५०० च्या आसपास विकणाऱ्यांचा माल नव्या खरेदीदारांनी उचलला, असे मानता येते. उलाढाल ६ लाखच असेल, तर खरेदीचा जोर कमी. भाव पुन्हा घसरण्याचा धोका अधिक.

मात्र एखाद्या मोठ्या सौद्यानेही व्हॉल्यूम फुगतो. म्हणून पुढचे दोन-तीन दिवस भाव ५०० वर टिकतो का, हे पाहावे. वाढत्या व्हॉल्यूमसह तो ५०० च्या खाली बंद झाला, तर ब्रेकआउट फसला समजावे.